यूकेचं लायसन्स, पहिली दोन वर्षं आणि सहा पॉइंट

प्रश्न: रेडिंगला राहतो. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवली आहे. इथे १८ मार्च २०२३ ला टेस्ट पास झालो. त्याआधी इंडियन लायसन्सवर चालवत असताना, ऑगस्ट २०२२ मध्ये, स्पीडिंगचे ३ पॉइंट लागले होते (तेव्हा कोर्स करायचा कंटाळा केला). आता २० फेब्रुवारी २०२५ ला ३० च्या रस्त्यावर ३७ ने कॅमेऱ्यात सापडलो, पत्र आलंय. जुने पॉइंट टेस्टच्या आधीचे, म्हणून ते धरत नाहीत ना? आणि उत्तर थोडं लांबवलं तर १८ मार्चनंतर दोन वर्षं पूर्ण होतील, मग लायसन्स वाचेल का?

उत्तर:

दोन्हींचं उत्तर 'नाही'. तरीही तुमचं लायसन्स वाचायची चांगली शक्यता आहे, मात्र त्याचा रस्ता वेगळा आहे आणि तो पत्राला वेळेत उत्तर देण्यातून जातो.

नव्या चालकांचा १९९५ चा जो कायदा आहे, तो तुमच्या अनुभवाकडे बघत नाही. इथली टेस्ट पास झालात त्या दिवसापासून दोन वर्षं तुम्ही नवे. पुण्यातली बारा वर्षं त्यात कुठेच धरली जात नाहीत. या दोन वर्षांत केलेल्या गुन्ह्यामुळे तुमच्या नावावरचे पॉइंट सहा किंवा त्याहून जास्त झाले, की डीव्हीएलए, म्हणजे लायसन्स देणारी सरकारी संस्था, ते लायसन्स रद्द करते. इथे बघायची ती गुन्ह्याची तारीख. पत्र कधी आलं, दंड कधी भरला, कोर्टात निकाल कधी लागला, याने काही बदलत नाही. तुमची दोन वर्षं १७ मार्च २०२५ ला संपतात आणि गुन्हा २० फेब्रुवारीचा आहे. निकाल जूनमध्ये लागला तरी तो २० फेब्रुवारीचाच राहणार.

जुन्या पॉइंटांचं असं, की बेरीज करताना त्या गुन्ह्याआधीच्या तीन वर्षांतले पॉइंट धरतात. ते प्रोव्हिजनलवर लागले की परदेशी लायसन्सवर, हा प्रश्नच येत नाही. इंडियन लायसन्सवाल्याला पॉइंट लागले की डीव्हीएलए त्याच्या नावाने रेकॉर्ड उघडते आणि इथलं लायसन्स मिळालं की ते पॉइंट त्यावर येतात. ऑगस्ट २०२२ ते फेब्रुवारी २०२५ म्हणजे अडीच वर्षं. तीन आणि तीन सहा.

आता वाचायचा रस्ता. त्या वेळी तुम्ही कोर्सचा कंटाळा केलात, तो आज तुमच्या पथ्यावर पडू शकतो. स्पीड अवेअरनेस कोर्स मागच्या तीन वर्षांत केलेला नसेल, आणि वेग फार नसेल, तर पोलिस तो देऊ करतात. ३० च्या रस्त्यावर साधारण ३५ ते ४२ मैल ही त्याची मर्यादा, तुम्ही ३७ वर आहात. आधीचे पॉइंट असले म्हणून कोर्स नाकारला जातो असं नाही. कोर्स पूर्ण केला की पॉइंटही नाहीत आणि दंडही नाही, फक्त कोर्सची फी. पण कोर्स हा तुमचा हक्क नाही, तो द्यायचा की नाही हे पोलिस ठरवतात, आणि तो गुन्ह्यापासून ठरावीक मुदतीत पूर्ण व्हावा लागतो. म्हणजे उत्तर लांबवून तुम्ही नेमका हाच रस्ता बंद कराल.

आत्ता हातात असलेल्या पत्रात कोर्सचा उल्लेख नसेल तर घाबरू नका. पहिलं पत्र फक्त 'गाडी कोण चालवत होतं' एवढंच विचारतं. त्याला २८ दिवसांत उत्तर द्यायचं. नंतर येणाऱ्या दुसऱ्या पत्रात कोर्स, १०० पौंड व ३ पॉइंट, किंवा कोर्ट यांपैकी काय ते कळतं. कोर्स आला तर त्याच दिवशी बुक करा. 'दंड भरून मोकळं होऊ' म्हणून १०० पौंडांवर क्लिक केलंत तर ते तीन पॉइंट स्वीकारल्यासारखं आहे, आणि मग काही दिवसांत डीव्हीएलएचं पत्र येईल. ते लायसन्स रद्द झाल्याचं असेल.

पहिल्या पत्राला उत्तरच दिलं नाही तर काय होतं, हे आपल्या मंडळींना सहसा माहीत नसतं. ड्रायव्हरचं नाव न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, रेकॉर्डवर तो MS90 म्हणून दिसतो आणि त्याला थेट सहा पॉइंट आहेत. म्हणजे कोरं रेकॉर्ड असलेला नवा चालकही तीन पॉइंटांची केस अंगावर ओढून घेऊन सहावर पोचतो. हे बहुतेक वेळा मुद्दाम होत नाही. घर बदललं, लायसन्सवर नवा पत्ता घातला, पण गाडीच्या लॉगबुकवर जुनाच राहिला, आणि पत्र जुन्या घरी गेलं. हे दोन पत्ते वेगवेगळे बदलावे लागतात.

कोणी 'बायकोचं नाव टाक, तिला पॉइंट नाहीत' असं सुचवेल. ऐकू नका. माजी मंत्री ख्रिस ह्यून यांचे स्पीडिंगचे पॉइंट तेव्हाच्या पत्नीने स्वतःच्या नावावर घेतले होते. २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली.

कोर्स आलाच नाही तर? कोर्टात जाऊन तीनपेक्षा कमी पॉइंट मिळत नाहीत, स्पीडिंगला किमान तीनच आहेत. 'लायसन्स गेलं तर नोकरी जाईल' ही विनवणी बारा पॉइंटांच्या बंदीत ऐकतात, इथे नाही, कारण हे रद्द करणं कोर्टाचं नसून डीव्हीएलएचं असतं. काही वकील पॉइंटांऐवजी थोड्या दिवसांची बंदी मागतात, म्हणजे सहाचा आकडा गाठला जात नाही. पण मॅजिस्ट्रेटसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, की हे सहसा योग्य नाही, कारण त्याने कायद्याचा हेतूच टाळला जातो. माझ्या मते ३७ मैलांच्या केससाठी त्यावर वकिलाची फी घालवण्यात अर्थ नाही.

लायसन्स रद्द झालं तर ती बंदी नव्हे. तुम्ही पुन्हा शिकाऊ होता. प्रोव्हिजनल नव्याने काढायचं, थिअरी २३ पौंड, प्रॅक्टिकल कामाच्या दिवशी ६२. पैशापेक्षा प्रॅक्टिकलच्या तारखेची वाट जास्त छळते, कित्येक ठिकाणी त्यात महिने जातात. तोवर एल पाटी लावून, शेजारी २१ वर्षांवरची आणि तीन वर्षं लायसन्स असलेली व्यक्ती बसवूनच चालवायचं, आणि इन्शुरन्सही शिकाऊ म्हणून बदलून घ्यायचा. ऑफिस जवळच आहे म्हणून एकटे निघालात आणि पकडले गेलात, तर विनाइन्शुरन्सचे सहा ते आठ पॉइंट वर लागतात. सहात ते मिळवले की बारा, आणि बारावर किमान सहा महिन्यांची खरी बंदी.

पुन्हा पास झाल्यावर दोन वर्षांचा नवा प्रोबेशन लागत नाही. पॉइंट मात्र पुसले जात नाहीत. तुमचे ऑगस्ट २०२२ चे तीन ऑगस्ट २०२५ नंतर मोजणीतून जातील, हे फेब्रुवारीचे तीन २०२८ पर्यंत राहतील.

आणि १७ मार्च २०२५ पर्यंत फोन हातातसुद्धा घेऊ नका, सिग्नलला थांबलेले असलात तरी. त्याचे एका फटक्यात सहा आहेत, आणि त्याला कोर्सचा पर्याय गृहीत धरू नका.