स्कोअरकार्डच्या पलीकडची क्रिकेटची पुस्तके

प्रश्न: आयुष्यभर क्रिकेट पाहिलं. आता आकडेवारी नको, माणसांच्या खोल गोष्टी सांगणारी क्रिकेटची पुस्तकं सुचवा.

रामचंद्र गुहांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड'पासून (2002) सुरुवात करा. पुस्तक जाडजूड आहे, म्हणून आधी पाळवणकर बंधूंवरचा भाग वाचा. बाळू पाळवणकर हे दलित डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते घडले. मैदानात तोच चेंडू सवर्ण सहकारी हातात घ्यायचे, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी मुंबईत धर्मानुसार संघ खेळत त्या स्पर्धेतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते 1923मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. आणि 1937च्या निवडणुकीत हेच बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. हा गुंता एका ओळीत सुटत नाही, गुहाही तो घाईने सोडवत नाहीत.

त्यानंतर त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांचं 'बियाँड अ बाउंडरी' (1963). त्रिनिदादमध्ये क्लबही कातडीच्या छटेनुसार ठरत. जेम्स यांनी काळ्या कनिष्ठ मध्यमवर्गाचा शॅनन सोडून उजळ वर्णाच्या लोकांचा मेपल निवडला आणि त्या निवडीची किंमत ते पुस्तकात प्रामाणिकपणे मांडतात. मधली डब्ल्यू. जी. ग्रेस आणि व्हिक्टोरियन इंग्लंडवरची प्रकरणं जड वाटतात, तिथेच बरेच जण पुस्तक मिटतात. पहिल्या वाचनात ती खुशाल ओलांडा.