तक्ता काय सांगतो? पतधोरण कडक की सैल, वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच तक्त्याभोवती फिरतात, म्हणून तो आधी देतो. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, त्या त्या वर्षाच्या मार्चअखेरचा आहे, महागाई ग्राहक किंमत निर्देशांकाची वार्षिक सरासरी आहे आणि वाढीचे आकडे २०११-१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेतले आहेत. सगळे टक्क्यांत.

| वर्ष | रेपो | महागाई | जीडीपी वाढ |
|---|---|---|---|
| २०२०-२१ | ४.०० | ६.२ | −५.८ |
| २०२१-२२ | ४.०० | ५.५ | ९.७ |
| २०२२-२३ | ६.५० | ६.७ | ७.६ |
| २०२३-२४ | ६.५० | ५.४ | ९.२ |
| २०२४-२५ | ६.२५ | ४.६ | ६.५ |

सर, मी राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.ए. करते. रेपो ४ वरून साडेसहावर गेला म्हणून २०२२-२३ चं धोरण ‘कडक’ असं लिहिलं, तर अर्धेच गुण मिळाले. कुठं चुकलं? (टिळकवाडी)

धोरण कडक होत जाणं वेगळं आणि कडक असणं वेगळं. तुम्ही पहिल्याचं उत्तर दिलंत, प्रश्न बहुधा दुसऱ्याचा होता.

रेपोतून महागाई वजा केली की वास्तव व्याजदर मिळतो, आणि धोरणाची पातळी त्यावरून ठरते. तक्त्यातल्या ओळीत ६.५० वजा ६.७, म्हणजे उणे ०.२. शून्याच्याही खाली, याला कडक कसं म्हणायचं?

पण या वजाबाकीतही एक खोट आहे. रेपो वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा आणि महागाई बारा महिन्यांची सरासरी, अशी ही विजोड जोडी आहे. त्या वर्षी दर एकदम वाढला नाही. मे २०२२ मध्ये ४.४०, जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० असा तो पायरीपायरीने चढला. महिन्यांची सरासरी काढली तर साधारण साडेपाच येते. सरासरीतून सरासरी वजा केली की उत्तर उणे १.२.

आता वर्षाची दोन टोकं बघा. एप्रिल २०२२ मध्ये रेपो ४ आणि महागाई ७.७९, म्हणजे वास्तव दर जवळजवळ उणे ३.८. मार्च २०२३ मध्ये रेपो ६.५० आणि महागाई ५.६६, म्हणजे अधिक ०.८. एका वर्षात साडेचार टक्क्यांहून मोठी झेप! यातला मोठा वाटा रेपो वाढल्याचा, उरलेला महागाई उतरल्याचा. म्हणून पेपरात असं लिहा: वर्ष सुरू झालं तेव्हा धोरण खूप सैल होतं, वर्षभर झपाट्याने आवळलं गेलं, आणि संपताना जेमतेम शून्याच्या वर आलं. परीक्षक खडूस असला तरी याला गुण द्यावेच लागतील.

उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे. २०२१-२२ मध्ये वाढ ९.७ टक्के दाखवलीय, आम्हाला तर पिग आयर्न आणि स्क्रॅपच्या भावानं घाम फोडला होता. एवढी तेजी असताना रेपो ४ वर ठेवणं म्हणजे डोळेझाकच ना?

९.७ या आकड्यावर एवढा विश्वास टाकू नका. त्याच्या वरच्या ओळीत उणे ५.८ आहे. २०१९-२० चं उत्पादन १०० धरलं तर पुढच्या वर्षी ते ९४.२ वर आलं, आणि त्यावर ९.७ टक्के वाढून १०३.३ झालं. दोन वर्षांत मिळून साडेतीन टक्केही नाही. ही तेजी नव्हे, खड्ड्यातून वर येणं होतं. वाढीचा रकाना कधीही एकटी ओळ घेऊन वाचू नये, हे इतकं साधं आहे की चांगले चांगले लोक विसरतात.

त्यामुळे उणे दीड टक्का वास्तव दर वर्षाच्या सुरुवातीला समर्थनीय होता. यंत्रं रिकामी असताना व्याज वाढवून लोखंड स्वस्त होत नाही. पण तुमची तक्रार पूर्ण खोडून काढता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये महागाई रिझर्व्ह बँकेला घालून दिलेली ६ टक्क्यांची वरची मर्यादा ओलांडून गेली, मार्चमध्ये ६.९५ झाली, तरी फेब्रुवारी आणि एप्रिलच्या बैठकांत रेपो ४ वरच राहिला. तिथे उशीर झाला असं माझं मत आहे. वार्षिक तक्त्यात हे दिसत नाही, कारण ५.५ ही सरासरी मर्यादेच्या आत बसते.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोमुळे महागाई ७.४४ झाली, रेपो मात्र ६.५० च. तुमच्या वजाबाकीनं तर धोरण पुन्हा सैल ठरतं. मग दर का वाढवले नाहीत? (निवृत्त शिक्षक, खानापूर)

गुरुजी, वजाबाकी बरोबर, पण त्या महिन्याची महागाई त्यासाठी घेण्यासारखी नव्हती. कर्ज काढणारा माणूस पुढच्या वर्षभराचा हिशोब करतो. टोमॅटोचं पीक तीनेक महिन्यांत हाती येतं, हे खानापुरात मी सांगायला नको. ऑक्टोबरमध्ये महागाई ४.८७ वर आली, तीही रेपो जागचा न हलवता. एका भाजीने वर नेलेला आकडा वजा केला तर धोरण आहे त्यापेक्षा सैल दिसतं, आणि भाज्या कोसळल्या की उगाच कडक दिसतं. तक्त्यात एखादी ओळ शेजारच्या ओळींशी फटकून वागत असेल, तर आधी खाद्यपदार्थ आणि इंधन बाजूला काढून मूळ महागाई बघावी.

वास्तव दर शून्याच्या वर गेला की धोरण कडक, असं धरायचं का? (निपाणी)

नाही. शून्य ही सीमारेषा नव्हे. अर्थव्यवस्थेला ना रेटा देणारा ना लगाम घालणारा जो वास्तव दर असतो, त्याला तटस्थ दर म्हणतात. तो थेट मोजता येत नाही, अंदाजच करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी जुलै २०२४ च्या बुलेटिनमध्ये २०२३-२४ च्या शेवटच्या तिमाहीसाठी १.४ ते १.९ टक्के असा अंदाज मांडला होता.

आता २०२३-२४ ची ओळ घ्या. ६.५० वजा ५.४, म्हणजे १.१: तटस्थ पट्ट्याच्या खाली, थोडं सैलच. पण एप्रिल २०२४ मध्ये बँकेचा पुढच्या वर्षाच्या महागाईचा अंदाज ४.५ होता. तो वजा केला की २ येतात: पट्ट्याच्या वर, म्हणजे किंचित कडक. मागचं बघितलं तर एक उत्तर, पुढचं बघितलं तर दुसरं. जून २०२४ मध्ये रेपो ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या सहांपैकी आशिमा गोयल आणि जयंत वर्मा या दोघांनी दरकपातीच्या बाजूने मत दिलं. वास्तव दर गरजेपेक्षा जास्त आहे, असं वर्मा मांडत होते. उरलेल्या चौघांना महागाई ४ टक्क्यांच्या लक्ष्यावर टिकेल याची खात्री हवी होती. पुढच्या वर्षी वाढ ९.२ वरून ६.५ वर आली. ती सगळी व्याजदरामुळे आली असं हा तक्ता सिद्ध करत नाही, तरी ‘कडक’ म्हणणाऱ्यांचं पारडं त्याने थोडं जड होतं.

रेपो ४ होता तेव्हाही आमच्या पतसंस्थेचं कर्ज १३ टक्क्यांनीच होतं. मग आमच्यासाठी धोरण सैल कधी होतं? (चिक्कोडी)

तुमच्यापुरतं बोलायचं तर, फारसं नव्हतंच. रेपो हा रिझर्व्ह बँक आणि बँका यांच्यातला दर. बँकांची गृहकर्जं आणि छोट्या उद्योगांची तरत्या दराची कर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक रेपोलाच, बांधलेली असतात, म्हणून तिथे हप्ता हलतो. पतसंस्था सभासदांच्या ठेवींवर चालते, तिचा दर त्या ठेवींच्या व्याजावरून ठरतो. तक्ता देशभराचं धोरण सांगतो. तुमच्या कर्जासाठी १३ मधून महागाई वजा करा. २०२१-२२ मध्येही ते साडेसात टक्के येतं.