मैत्रिणीची पोस्ट निघाली, आणि तू अजून फोन केला नाहीस

अगं,

रात्री पावणेबाराला तुझा एवढा मोठा मेसेज आला. वाचला. तू एमपीएससीची राज्य कर निरीक्षकाची, म्हणजे एसटीआयची यादी बघितलीस, तुझी रूममेट त्यात आहे, तू नाहीस, दीड मार्काने हुकलं, ती गावी निघून गेली, तिथे गुलाल, डीजे, चौकात फ्लेक्स, आणि तू इथे सदाशिव पेठेत तिच्या रिकाम्या कॉटकडे बघत बसलीयस. स्टेटसला तिचा फोटो ठेवलास, तीन हार्ट टाकलेस, आणि मला विचारतेस की "ताई, मला आनंद होत नाहीये, मी वाईट आहे का?"

वाईट-बिईट काही नाही, हा प्रश्नच बाजूला ठेव. मला एवढंच सांग, तू तिला फोन केलास का? स्टेटस नाही, हार्ट नाही, फोन. आवाज.

माझी अभ्यासिका आहे म्हणून सांगते, रिझल्टच्या दिवशी हे दर वेळेस दिसतं. पीडीएफ येते, सगळ्या पोरी मोबाईलवर बोटांनी यादी मोठी करून नाव शोधतात, एखादीचं निघतं, आणि तिची सगळ्यात जवळची असते तीच आधी बॅग उचलून खाली चहाला जाते. लांबच्या पोरी मिठ्या मारतात! अब्राहम टेसर नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये एका सहकाऱ्याबरोबर प्रयोग केला. शब्द ओळखायचा खेळ, क्लू आपण द्यायचे, समोर कधी मित्र तर कधी अनोळखी. खेळ नुसता गंमत म्हणून आहे असं सांगितलं की लोक मित्राला सोपे क्लू द्यायचे. पण यात तुमची बुद्धी कळते असं सांगितलं की मित्रालाच जास्त अवघड क्लू जायचे, अनोळखी माणसाला बरे मिळायचे. म्हणजे माणूस जवळचा आणि विषय आपल्या जिव्हाळ्याचा, हे दोन्ही जुळलं की टोचतं. तिला बँकेत नोकरी लागली असती तर तूच पेढे वाटत फिरली असतीस. तीच खोली, तोच डबा, त्याच नोट्स, तीच परीक्षा, मग टोचणारच, त्यात एवढं रडण्यासारखं काय आहे?

आता तू म्हणशील आधी मन साफ होऊ दे मग फोन करते. नाही. मन साफ व्हायची वाट बघत बसलीस तर दिवाळी येईल. टोचत असतानाच फोन लावायचा. पोटात दुखतंय आणि तिच्यासाठी बरंही वाटतंय, दोन्ही एकाच वेळी असतं, त्यातलं कुठलं खोटं नसतं.

आणि फोनवर काय बोलायचं नाही ते आधी ऐक, कारण आपल्याकडे हे सर्रास चालतं. "तुझं तर होणारच होतं गं." कौतुक वाटतं पण पहाटे उठून चालू घडामोडी घोकलेल्या सगळ्या पाण्यात. "पार्टी कधी?" तिच्या घरी पहिला पगार यायलाच अजून कितीतरी महिने आहेत. "आता आम्हाला ओळख द्या मॅडम." म्हणजे तिला एका फटक्यात पलीकडे ढकललंस. "जीएसटीमध्ये काय कमी टेन्शन नसतं बाई." हे तर शेजारच्या काकूंना शोभतं. आणि "अभिनंदन, खूप खूप छान", हे सभ्य आहे, पण थंड. शेली गेबल नावाच्या बाईंनी जोडप्यांवर यावर काम केलंय, २००४ चं. चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा उत्साहाने खोलात शिरला तरच नात्याला त्याचा फायदा दिसला, नुसतं शांतपणे "छान" म्हणणारेही टोमणे मारणाऱ्यांच्याच रांगेत गेले. मला ते वाचून धक्का बसला नाही, अभ्यासिकेत रोज बघते.

मग करायचं काय, तर विचारायचं. यादी आली तेव्हा तू कुठे होतीस? आधी स्वतः बघितलंस की कुणाचा फोन आला? घरी पहिल्यांदा कुणाला सांगितलंस, बाबा काय म्हणाले? एवढे प्रश्न पुरे झाले. ती बोलेल, पंधरा मिनिटं बोलेल, तू फक्त पुढे पुढे विचारत जा. तो सगळा प्रसंग तिला परत जगायचा असतो आणि गावात कुणाला त्यातलं काही कळत नाही, त्यांना "साहेब झाली" एवढंच कळतं. मुख्यच्या दुसऱ्या पेपरला तिने किती प्रश्न सोडून दिले, निगेटिव्हच्या भीतीने रात्रभर कशी जागली, हे तुलाच माहिती आहे, दुसऱ्या कुणाला नाही. क्लासवाले फोटो मागायला येतील, तिने एकच टेस्ट दिलेली असली तरी. नेते सत्कार करतील. आणि मग आठवड्याभरात सगळं गप्प होतं, कागदपत्र तपासणी, नॉन-क्रिमीलेयर, मेडिकल, आणि नियुक्तीची वाट बघणं, यात कितीतरी महिने जातात, ना अभ्यास ना नोकरी, आणि सगळे विचारतात जॉइन कधी होणार. तेव्हा दुसरा फोन करायचा. पहिल्या फोनपेक्षा हा महत्त्वाचा आहे खरं तर, पण पहिला केला नसेल तर दुसरा करायला तोंड राहत नाही.

तुझ्या दीड मार्काचं पहिल्या फोनवर काढू नकोस. तिने विचारलंच तर "वाईट वाटतंय, त्यावर नंतर बोलू, आज तुझं सांग", बास. पंधरा दिवसांनी मोकळेपणी रड तिच्यासमोर. मिरवणुकीला जायचं नसेल तर नको जाऊस, सरळ सांग की झेपणार नाही. सत्काराच्या गर्दीत नकली हसत उभं राहण्यापेक्षा ते बरं. फोनला मात्र सूट नाही.

मी हे कोणत्या तोंडाने सांगते असं वाटेल. माझी पोस्ट निघाली नाही, माझ्या रूममेटची निघाली, आणि मी त्याच संध्याकाळी तिला फोन केला, तर आमच्या मेसमधल्या पोरी म्हणाल्या किती नाटकी आहे ही, आतून जळतेय आणि वरून गोड. होते मी जळत! मग? फोन केलाच ना. मला पश्चात्ताप आहे तो वेगळा, घरचे सांगत असताना पुण्यात आणखी दोन वर्षं ताणली त्याचा आहे. फोनचा नाही. आज नातेवाईक म्हणतात स्वतःचं झालं नाही म्हणून अभ्यासिका टाकली. टाकली तर टाकली, वायफाय आणि एसी नीट चालतात, पोरी रात्री उशिरापर्यंत सुरक्षित बसतात, याला कमीपणा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. बघ, घालतेच आहे.

असो. तू हे वाचत असशील तेव्हा सकाळ झाली असेल. गावात पाहुण्यांची वर्दळ दहानंतर सुरू होते, त्याआधी लाव. ती उचलणार नाही कदाचित, शेकडो मिस कॉल असतील. मग मेसेज नको, व्हॉइस नोट टाक, तुझ्या आवाजात, भले अडखळत.

आणि तिच्या कॉटच्या या महिन्याच्या भाड्याचा विषय आत्ता तिच्याकडे काढू नकोस, मालकाशी मी बोलते.

तुझी ताई