बॉल वळतो ते शिवणीमुळे

प्रश्न: लेदर बॉल हवेतच कसा वळतो? अन स्पिन टप्पा पडल्यावरच का वळतो?

भाऊ, स्विंगचा सगळा खेळ शिवणीचा आहे. राईट हँड बॅटरला आउटस्विंग टाकायचा तर शिवण उभी ठेवून स्लिपकडे थोडी, साधारण २० अंश, तिरपी करायची. मग शिवणीच्या बाजूची हवा त्या उंचवट्यावर खवळते अन बॉलला जास्त वेळ चिकटून राहते, गुळगुळीत बाजूची मात्र लवकर सुटते, म्हणून मागची हवा एकीकडे ढकलली जाते अन बॉल उलटा, म्हणजे शिवण दाखवते तिकडे, स्लिपकडे जातो. शिवण डगमगली की स्विंग गेलाच. मी नेटमधे पोरांना शिवणीवर चुन्याची रेघ मारून टाकायला लावतो, हवेत रेघ बारीक दिसली तर मनगट बरोबर, पसरट पांढरं दिसलं तर बोटं एका बाजूनं निसटतायत.

स्पिनही हवेत थोडा सरकतो, पण खरा वळतो टप्प्यावर, कारण गरगर फिरणारा बॉल मातीला घासून पकड घेतो. माती कोरडी अन भुसभुशीत असली की पकड वाढते. २०१५ ला आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमवर अश्विननं दक्षिण आफ्रिकेच्या १२ विकेट काढल्या, ते पिच असंच होतं.