परमँगनेटच्या टायट्रेशनच्या तीन याद्या करू नका

प्रश्न: पीयूसी सेकंड इयरचं केमिस्ट्री लॅब मॅन्युअल फार मोठं आहे. प्रॅक्टिकलसाठी कृती, खबरदारी आणि अपेक्षित निरीक्षणं थोडक्यात कशी काढायची?

तीन वेगळ्या याद्या मुळीच करू नका. कृती एका पानावर, खबरदारी दुसऱ्यावर, निरीक्षणं तिसऱ्यावर, अशा नोट्सची झेरॉक्स आमच्याकडे दरवर्षी फिरते. मी खानापूर भागातल्या एका पीयू कॉलेजात लॅब सांभाळते, आणि त्या झेरॉक्सवरून आमच्या एका लेक्चररांशी माझा जुना वाद आहे.

पूर्वपरीक्षेला नंदगडकडची एक मुलगी ऑक्झॅलिक ऍसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन करत होती. दहावी मराठी माध्यमातून झालेली, हुशार, तिन्ही याद्या तोंडपाठ. ब्युरेटमधून पहिले थेंब पडले, गुलाबी रंग आला आणि जाईना. तिच्या निरीक्षणाच्या यादीत एवढंच होतं की फिकट गुलाबी रंग टिकला की एंड पॉइंट. तिने कॉक बंद करून अर्धा मिलिलिटरही नसलेलं रीडिंग लिहिलं. सर म्हणाले, अभ्यास नाही. मी म्हटलं, सर, अभ्यास आहे, नोट्स चुकीच्या आहेत. ते अजून मान्य करत नाहीत.

सुरुवातीचा रंग उशिरा जातो, कारण या अभिक्रियेला वेग देणारे मँगॅनीजचे आयन तिच्यातूनच तयार होतात. थोडे तयार झाले की पुढचे थेंब पडताक्षणी रंगहीन होतात. मूळ मॅन्युअलात हे कुठेतरी असतं, पण लहान करताना पहिलं तेच कापलं जातं. म्हणून पायरी, तिथे काय दिसेल आणि तिथेच काय बिघडेल, हे एकाच ओळीत लिहा.

पिपेटने 10 मिलि ऑक्झॅलिक ऍसिड फ्लास्कमध्ये घ्या. ते विषारी आहे, म्हणून तोंडाने ओढायचं नाही, बल्ब वापरायचा. ही खबरदारी याच ओळीत. फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवा, ऑक्झॅलिकने नाही, नाहीतर आत राहिलेलं जास्तीचं ऍसिड रीडिंग वाढवतं. मग एक टेस्ट ट्यूबभर डायल्यूट सल्फ्युरिक ऍसिड घाला. हायड्रोक्लोरिक चालत नाही, परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं. फ्लास्क 60 ते 70 अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर वाफ दिसेपर्यंत, पण उकळी येऊ देऊ नका, ऑक्झॅलिक ऍसिडचं विघटन होतं. गरम फ्लास्कची मान कागदाच्या घडीने धरा.

आता परमँगनेट थेंबाथेंबाने, फ्लास्क हलवत. "मॅडम, चॉकलेटी झालं की हो!" ही हाक मला दर बॅचला येते. चॉकलेटी गढूळपणा म्हणजे मँगॅनीज डायऑक्साइड: सल्फ्युरिक कमी पडलं, फ्लास्क थंड झाला किंवा परमँगनेट घाईने ओतलं. ऍसिड घालून तापवल्यावर तो कधी निवळतोही, तरी ते रीडिंग धरू नका, नवा फ्लास्क घ्या. हे निरीक्षण कुठल्याच झेरॉक्सवर नाही, कारण ते "अपेक्षित" नाही! मला तर परीक्षेच्या दृष्टीने तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. परमँगनेट गडद असल्यामुळे ब्युरेटमध्ये वरची कड वाचा, पहिल्या रीडिंगलाही आणि शेवटच्याही.

गणिताला एक ओळ पुरे. परमँगनेटचे 2 मोल ऑक्झॅलिकच्या 5 मोलांना लागतात. ऑक्झॅलिक 0.05 M, घेतलं 10 मिलि, ब्युरेटचं रीडिंग 9.8 आलं, तर:

M = (2 × 0.05 × 10) / (5 × 9.8) = 0.0204

नोट्स मराठीत काढल्या तरी चालतात. त्या लेक्चररांना हेही पटत नाही, पण वायवाला "तापवायचं का?" याचं कारण ज्या पोराला आपल्या भाषेत कळलंय, ते मोडक्या इंग्रजीतही सांगतं.

एक राहिलं. ही पद्धत टायट्रेशनसाठी आहे. सॉल्ट ऍनालिसिसचे तक्ते मॅन्युअलातच चाचणी, निरीक्षण, अनुमान असे आटोपशीर असतात, ते आणखी कापू नका. रेकॉर्ड बुकही कॉलेज सांगेल तसं पूर्णच लिहा. आणि मोहर सॉल्टचा प्रयोग याच पानात कोंबू नका. दिसायला सारखाच आहे, पण तिथे फ्लास्क तापवायचा नसतो, फेरस आयनचं हवेने ऑक्सिडेशन होऊन रीडिंग कमी येतं. त्याचं पान वेगळं करा आणि पहिली ओळ "तापवू नये" हीच लिहा.