शीर निळी दिसते, मग रक्त निळं का नाही? मुलांसमोर मी हे असं सांगते

प्रश्न: सहावीच्या मुलांपुढे दहा मिनिटं बोलायचं आहे. रक्त कायम लाल असतं, तर हातावरच्या शिरा निळ्या का दिसतात? पुस्तकातही त्या निळ्याच रंगवलेल्या असतात. मुलांना पटेल असं कसं सांगू?

उत्तर: मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत रक्त काढण्याचं काम करते, आणि या विषयावर मुलांशी बरेचदा बोलले आहे. पहिल्या वेळी माझी एक चूक झाली. मी फळ्यावर हृदय काढलं, एका बाजूला लाल खडूने रोहिणी, दुसऱ्या बाजूला निळ्या खडूने नीला, आणि मग सांगायला लागले की रक्त निळं नसतं. पुढची दहा मिनिटं मुलं फळ्याकडेच बघत होती. त्यांनी फळ्यावर विश्वास ठेवला, माझ्यावर नाही. त्यात आपल्या भाषेत त्या वाहिनीचं नावच 'नीला'! म्हणून आता मी आकृती काढतच नाही. सुरुवात करते ती सुईपासून.

मुलांना विचारा, तुमच्यापैकी कोणाचं रक्त तपासायला घेतलंय? बरेच हात वर होतात. मग आठवायला लावा. दंडाला पट्टी आवळतात, मूठ मिटायला सांगतात, कोपराच्या खोबणीतली शीर फुगते. ती शीर निळसर, कोणाची हिरवट दिसते. त्याच शिरेत सुई जाते आणि नळीत रक्त येतं. कोणत्या रंगाचं? लाल, पण काळपट लाल, गुडघा खरचटल्यावर दिसतं त्यापेक्षा गडद. निळ्या शिरेतून निळा थेंबही येत नाही.

इथे एक हुशार मूल हमखास म्हणतं, 'आत निळंच असतं, हवा लागली की लाल होतं.' हा समज फार पसरलेला आहे, त्यामुळे त्याला नीट उत्तर द्या. ज्या नळीत आम्ही रक्त घेतो तिच्यातली हवा आधीच काढून घेतलेली असते आणि तिचं बूच घट्ट बसवलेलं असतं. सुईचं दुसरं टोक त्या बुचातून आत शिरतं. म्हणजे रक्त शिरेतून थेट बंद नळीत येतं, वाटेत हवेशी गाठ पडत नाही. तरी ते काळपट लालच असतं. हवेशी भरपूर संपर्क आला तर ते थोडं उजळतं, इतकंच. काळपट लालाचं लखलखीत लाल होतं, निळ्याचं लाल होत नाही.

रंग कशाचा, हे एका वाक्यात सांगा. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं, त्यात लोह असतं, आणि त्या लोहाला ऑक्सिजन चिकटून सगळ्या शरीरभर फिरतो. ऑक्सिजन चिकटलेला असला की हिमोग्लोबिन भडक लाल, सुटला की गडद लाल. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगा, कारण 'नीलांमधलं रक्त ऑक्सिजन नसलेलं' असं मुलांनी पाठ केलेलं असतं. माणूस शांत बसलेला असताना हृदयाकडे परत येणाऱ्या रक्ताच्या हिमोग्लोबिनमध्ये साधारण 75 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. ते रिकामं होऊन परतत नाही.

आता खरा प्रश्न. रक्त लाल, शिरेची भिंत पातळ आणि रंगाने फिकट, मग निळा रंग आला कुठून? इथे बोलू नका, दाखवा. खोलीत अंधार करा. मोबाईलच्या स्क्रीनवर पूर्ण लाल रंगाचं चित्र लावा, उजेड पुरा वाढवा आणि स्क्रीन मनगटाच्या अगदी जवळ धरा. शिरा काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. मग त्याच मनगटाजवळ पूर्ण निळी स्क्रीन धरा. शिरा जवळजवळ पुसल्या जातात, आणि त्याऐवजी त्वचेवरचे तीळ, डाग ठळक होतात. मी हे करते तेव्हा मुलं दोन-तीनदा पुन्हा करून बघायला मागतात, आणि मी करू देते. या एका प्रयोगात अर्धं उत्तर आहे. स्क्रीनचा उजेड कमी पडला तर टॉर्चवर लाल आणि निळा जिलेटीन कागद लावून बघा. सावळ्या किंवा गडद त्वचेवर शिरा नुसत्या डोळ्यांनी दिसत नसतील तर लाल उजेडात त्या सापडण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे कोणत्याही मुलाला बाजूला बसवू नका.

काय घडलं ते सांगताना मी उजेडाचा प्रवास सांगते. आपल्यावर पडणाऱ्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. निळा उजेड त्वचेत फार आत जात नाही, वरच्या वरच शोषला जातो किंवा परत फिरतो. तो शिरेपर्यंत पुरेसा पोहोचतच नाही, म्हणून खाली शीर आहे की नाही याने त्याला फारसा फरक पडत नाही. लाल उजेड मात्र कितीतरी खोल जातो, त्वचेच्या आतल्या भागात इकडून तिकडे विखुरतो आणि बराचसा परत बाहेर येतो. अंधारात बोटाच्या मागे मोबाईलचा टॉर्च लावला की बोट लाल उजळतं, ते याच लाल उजेडामुळे. पण वाटेत शीर लागली की तिच्यातलं हिमोग्लोबिन त्यातला काही भाग शोषून घेतं. ऑक्सिजन सुटलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड आणखी जास्त शोषतं. बोटाला लावतात ती ऑक्सिजन मोजायची चिमटी याच फरकावर चालते.

यापुढचा हिशेब फळ्यावर करा. आकडे मी केवळ समजण्यासाठी घेते, ते मोजलेले नाहीत, हे मुलांना सांगूनच. समजा साध्या त्वचेवर 100 भाग लाल उजेड पडला आणि 60 भाग परत आला. निळा 100 पडला आणि 20 परत आला. शेजारीच, शिरेच्या वर, लाल 36 परत आला आणि निळा 18. आता मुलांना विचारा, शिरेवरून कोणता रंग जास्त येतोय? लाल! निळ्याच्या दुप्पट. मग निळं का दिसतं? कारण डोळा एकट्या ठिपक्याचा रंग वाचत नाही, तो शेजारच्याशी तुलना करतो. शेजारी लाल निळ्याच्या तिप्पट आहे, इथे दुप्पट. लाल कमी पडला, म्हणजे त्या मानाने निळा जास्त, असं मेंदू ठरवतो आणि ती पट्टी निळी रंगवतो. 1996 साली अल्विन कीनले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'शिरा निळ्या का दिसतात' याच प्रश्नावर प्रत्यक्ष मोजमापं करून शोधनिबंध लिहिला. त्यांनाही शिरेवरून परतणारा लाल उजेड निळ्यापेक्षा जास्तच आढळला होता, फक्त आजूबाजूच्या त्वचेपेक्षा कमी.

'शीर निळा उजेड परावर्तित करते म्हणून निळी दिसते' हे उत्तर तुम्हाला अनेक ठिकाणी मिळेल. ते चुकीचं आहे, कारण त्यातून मुलाच्या मनात पुन्हा शिरेच्या आत काहीतरी निळं आहे हेच बसतं.

हे मुलांना पटवायचा माझा आवडता प्रयोग सोपा आहे. मनगटाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा. फोटोत शीर निळी दिसते. आता फोटो झूम करत न्या, इतका की पूर्ण स्क्रीनभर फक्त शीरच राहील, शेजारची त्वचा कडेबाहेर जाईल. बहुतेक वेळा निळा रंग विरतो आणि उरतो तो करडा, मळकट त्वचेसारखा रंग. परत झूम कमी केलं की शीर पुन्हा निळी. फोटो तोच, ठिपके तेच, बदलला तो फक्त शेजार. एका मुलीने मला विचारलं होतं, 'मग निळा रंग हातात आहे की माझ्या डोक्यात?' मी म्हटलं, थोडा हातात, थोडा डोक्यात. लाल उजेडाची तूट हातात घडते, तिला निळं नाव डोकं देतं.

वेळ उरला तर आरशासमोर डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या बारीक रेषा बघायला सांगा. त्या लाल असतात. रक्त तेच, पण त्या वाहिन्या अगदी पृष्ठभागावर आहेत, तिथे निळा उजेडही पोहोचतो आणि शोषला जातो. म्हणून तूट लालाची नाही, निळ्या-हिरव्याची पडते आणि रेष लाल दिसते. निळेपणासाठी शीर साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून खोल असावी लागते. फार खोल असली तर ती दिसतच नाही. रोहिण्या बहुतेक खोलवर असतात आणि त्यांच्या भिंती जाड असतात, त्यामुळे त्या तुम्हाला हातावर सहसा दिसत नाहीत. मनगटावर नाडी लागते तिथे बोटाला जाणवते ती रोहिणी.

पुस्तकातल्या निळ्या रंगाबद्दल मुलांना स्पष्ट सांगा की तो नकाशातल्या रंगांसारखा आहे. रक्तात ऑक्सिजन जास्त आहे की कमी हे पटकन कळावं म्हणून दिलेली ती खूण आहे. एवढं सांगितलं की मग आकृती खुशाल दाखवा, आता ती मुलांना फसवत नाही.

एक प्रश्न मात्र येईलच: ओठ निळे पडतात ते? थंडीत ओठांकडचं रक्त हळू वाहतं, त्यातला जास्त ऑक्सिजन वापरला जातो, रक्त गडद होतं आणि त्वचेतून निळसर दिसतं. थंडी नसताना कोणाचे ओठ निळे दिसले, विशेषतः श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर मुलांनी ते लगेच मोठ्या माणसांना सांगायचं आणि त्या माणसाला दवाखान्यात न्यायचं, हे मी थांबून, सावकाश सांगते.

आणि शेवटी कोणीतरी विचारतंच, 'कोणाचंच रक्त निळं नसतं का?' असतं. ऑक्टोपसचं. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांब्यावर चालणारं हिमोसायनिन असतं. ते ऑक्सिजन धरतं तेव्हा निळं होतं, आणि ऑक्सिजन सुटला की जवळजवळ रंगहीन. माझ्या गोष्टीतलं एकमेव खरं निळं रक्त तेच, आणि गंमत म्हणजे तिथे निळं असणं ही ऑक्सिजनने भरलेलं असल्याची खूण आहे.