बहिणीची हक्कसोड : मध्यस्थीआधी दबाव कसा ओळखावा?

प्रश्न: रत्नागिरीकडच्या आंब्याच्या बागेच्या वाटणीचा वाद मध्यस्थीला आलाय. बहीण हक्क सोडायला तयार आहे म्हणते. तिच्यावर दबाव आहे का, हे आधी कसं कळेल?

उत्तर: पहिली भेट प्रत्येकाची वेगळी घ्या, शक्यतो वेगळ्या दिवशी. वेळ थेट बहिणीला कळवा, भावामार्फत नको. तो तिला सोडायला आला तरी बाहेर थांबेल.

"दबाव आहे का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" येणार. त्यापेक्षा विचारा : सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? बाग किती गुंठे? सही केली नाहीत तर घरी काय होईल? शेवटच्या प्रश्नाला "माहेर तुटेल" हे उत्तर आलं तर ती भीड असू शकते. तिथे वकिलाचा सल्ला आणि विचाराला वेळ दिला की मध्यस्थी चालते. "तो घरी येऊन काय करेल सांगता येत नाही" ही मात्र भीती. आधीची मारहाण, तिच्या तोंडी भावाचेच शब्द जसेच्या तसे, आजच सही उरकायची घाई, हेही तपासा. नुसता कापरा आवाज पुरावा नव्हे, कचेरीत कोणीही बावरतं.

भीती दिसली तर एकत्र बसवू नका. अहवालात "मध्यस्थीस योग्य नाही" एवढंच लिहा. कारण लिहिलंत तर राग तिच्यावरच निघेल. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा, महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.